कुमुद मुळे यांचं नाव मी कसं चुकवलं: फोनवर वाचता येणाऱ्या नावपट्ट्या

व्हिडिओ एडिटिंगमध्ये नुकतेच आला असाल, तर टाइमलाइन, कीफ्रेम, एक्स्पोर्ट वगैरे तुम्हाला येतच असेल. मला सांगायचंय ते फक्त नावपट्टीबद्दल, म्हणजे बोलणाऱ्याचं नाव पडद्यावर दाखवणाऱ्या पट्टीबद्दल, कारण माझं पहिलं पैसे घेऊन केलेलं काम तिथेच फसलं.

एका निवृत्त अंगणवाडी सेविकेची मुलाखत होती. नाव इथे बदलून लिहितो, पण अडचण अगदी हीच होती. पट्टीत वर ‘कुमुद मुळे’ आणि खाली ‘अंगणवाडी सेविका’. विकत घेतलेलं टेम्प्लेट, बारीक फॉन्ट, आकार ४४, दोन ओळी एकमेकींना चिकटलेल्या. चोवीस इंची मॉनिटरवर देखणं दिसत होतं. व्हिडिओ फिरला आणि लोक ‘कमलताईंना नमस्कार’ लिहू लागले. त्यांच्या मुलीचा फोन आला, ‘आईचं नाव चुकलंय.’ मी फाइल उघडली, तर स्पेलिंग बरोबर होतं! मग फोन हातात घेतला. ‘कु’चा उकार खालच्या ‘अं’च्या अनुस्वारात मिसळला होता आणि ‘मु’चा उकार खालच्या शिरोरेषेत. उरलं ‘कमद मळे’. कमद असं नाव नसतं, म्हणून लोकांच्या डोळ्यांनी ते ‘कमल’ करून घेतलं.

हा सापळा नीट समजून घ्या. संवादाच्या सबटायटलमध्ये एखादं अक्षर पुसट असलं तरी वाक्यावरून अंदाज येतो. नावाला असा कसलाच आधार नसतो. आणि तुम्ही ते नाव स्वतः टाइप केलेलं असतं, त्यामुळे तुम्हाला ते कितीही बारीक असलं तरी वाचता येतं. तुमचे डोळे या कामात साक्षीदार म्हणून चालत नाहीत. मी ती पट्टी निदान चाळीस वेळा पाहिली असेल, एकदाही खटकलं नाही.

आता हिशेब. बहुतेक लोक आडवा व्हिडिओसुद्धा फोन उभा धरूनच बघतात. माझ्या फोनवर तेव्हा चित्राची रुंदी ६८ मिलिमीटर भरते, म्हणजे उंची जेमतेम ३८. फ्रेमचे १०८० पिक्सेल त्या ३८ मिलिमीटरमध्ये बसतात, एका मिलिमीटरला साधारण २८. आकार ४४ म्हणजे दीड मिलिमीटर, पण त्यातच वरच्या आणि खालच्या मात्रांची जागा आली. शिरोरेषेपासून पायापर्यंतचं खरं अक्षर एक मिलिमीटरसुद्धा नव्हतं. आता मी ते अंतर दोन मिलिमीटर, म्हणजे ५६ पिक्सेल, ठेवतो. माझ्या फॉन्टमध्ये त्यासाठी आकाराचा आकडा नव्वदच्या पुढे न्यावा लागला. तुमच्या फॉन्टमध्ये वेगळा येईल, म्हणून आकडा पाठ करू नका, ‘क’ मोजा.

टेम्प्लेटांबद्दल माझं मत कडक आहे: नवख्याने ती घेऊ नयेत. मला मिळालेली जवळजवळ सगळी रोमन कॅपिटल अक्षरांसाठी बनवलेली होती. त्या अक्षरांच्या वर-खाली काही लटकत नाही, म्हणून ओळी जवळ चालतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं, त्याने आपली शिरोरेषा तुटते. मी पट्टी बनवताना वरच्या ओळीत ‘द्रू’ आणि खालच्या ओळीत ‘र्कीं’ टाइप करतो. या दोघांच्या मध्ये स्पष्ट फट दिसली की कुठलंही नाव बसतं. पट्टीचा रंगीत चौकोनही त्यांच्याच मापाने काढतो.

फॉन्टची जाडी मध्यमच्या जरा वर ठेवा. फार बारीक रेघ कॉम्प्रेशनमध्ये विरते, आणि फार जाड केली की ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसायला लागतात. ज्यांच्याकडे मी शिकलो ते प्रत्येक अक्षराला जाड काळी किनार द्यायला सांगत. माणूस म्हणून त्यांचे उपकार आहेत, पण हे ऐकू नका. किनार अक्षरांच्या पोकळ्या बुजवते. मागे गडद पट्टी आणि वर पांढरं अक्षर पुरतं. लाल-निळ्याची जोडी टाळा, कारण नेहमीच्या व्हिडिओ फाइलमध्ये रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा कमी साठवला जातो आणि कडा ओघळतात.

हे सगळं वाचून घाबरू नका, एकदा पट्टी जमली की पुढची शंभर नावं त्यातच बसतात. तपासायला दहा सेकंदांचा तुकडा एक्स्पोर्ट करून व्हॉट्सअॅपवरून स्वतःला पाठवा. स्थिर चित्र पाठवलंत तर व्हिडिओचं कॉम्प्रेशन दिसणार नाही. मग फोन अशा माणसाच्या हातात द्या ज्याला ते नाव माहीत नाही, आणि मोठ्याने वाचायला सांगा. ‘दिसतंय का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. माझी शेजारीण दुपारी उन्हात, गॅलरीत उभी राहून वाचते. ती ‘कुमुद मुळे’ न अडखळता म्हणाली, तेव्हाच मी दुरुस्त व्हिडिओ त्यांच्या मुलीला पाठवला.

उभ्या व्हिडिओसाठी तीच पट्टी तशीच उचलू नका. तिथे फ्रेमची रुंदीच १०८० पिक्सेल असते आणि ती ६८ मिलिमीटरमध्ये बसते, म्हणजे मिलिमीटरला साधारण १६ पिक्सेल पडतात, त्यामुळे ३२ पिक्सेलचं अक्षर पुरतं, पण खालच्या भागावर अॅपचा मजकूर आणि उजवीकडे बटणं येतात. एकदा खासगी अपलोड करा, स्क्रीनशॉट घ्या आणि झाकलेल्या भागाच्या वर पट्टी सरकवा.