एसी २४ अंशांवर ठेवण्यामागचे गणित

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजानुसार एसीचे तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून तारांकित रूम एसी सुरू करताच २४ अंशांवर येईल अशी मूळ सेटिंग भारतात बंधनकारक झाली. भिंती, छत आणि खिडक्यांमधून आत शिरणारी उष्णता ही आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. बाहेर ३४ अंश असताना २० अंशांवर हा फरक १४ चा, तर २४ अंशांवर १० चाच राहतो. शिवाय खोली जितकी थंड ठेवायची, तितकी प्रत्येक युनिट उष्णता बाहेर फेकायला कॉम्प्रेसरला अधिक वीज लागते.

समजा, २० अंशांवर रात्रभरात ८ युनिट जळत असतील, तर २४ अंशांवर ती साधारण सव्वासहा होतील, म्हणजे महिन्याला पन्नासेक युनिटची बचत होईल. सोबत पंखा मंद गतीने लावल्यास बहुतेकांना गारवा कमी वाटत नाही.

मात्र ही बचत खोली ठरवलेल्या तापमानापर्यंत पोहोचत असेल तरच मिळते. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा बाहेरचा कॉम्प्रेसर २० अंशांवर तासभरानंतरही एकदाही थांबत नसेल, तर १८ ऐवजी २० केल्याने बिलात फरक पडणार नाही. अशा वेळी आधी फिल्टर धुवावा आणि दारा-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात.