परत आलेला पूरनुकसानीचा अहवाल पुन्हा लिहिताना

‘पुराचं पाणी दुकानात शिरून सर्व माल भिजला, अंदाजे चार लाखांचं नुकसान’ एवढंच लिहिलेलं पत्र विमा कंपनीकडून परत येतं ते ‘तपशील अपुरा’ या शेऱ्यानं. समजा, दुकान कोल्हापूरच्या शाहूपुरीत आहे, चादरी आणि साड्यांचं. नवा अहवाल लिहायला बसण्याआधी जुन्या पत्राची प्रत, क्लेम नंबर आणि कंपनीनं नेमकं काय मागितलंय तो कागद समोर ठेवा. जुनं पत्र बदलायचं नाही. त्याची तारीख देऊन पूरक अहवाल म्हणूनच लिहायचं, नाहीतर दोन वेगळ्या कहाण्या होतात.

सगळ्यात आधी तारखा जमवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पण नदीनं धोका पातळी ओलांडली म्हणजे त्याच वेळी तुमच्या उंबऱ्यात पाणी आलं, असं होत नाही. शेवटची यूपीआय जमा, सीसीटीव्ही बंद पडल्याची वेळ, वीज गेल्याची वेळ, शेजाऱ्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला फोटो यांतून वेळ सापडते. तास माहीत नसेल तर ‘२५ जुलै रात्री नऊ ते २६ ला सकाळी सहाच्या दरम्यान’ असं लिहा. ठोकून दिलेली वेळ नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर लगेच ओळखतो. पाणी कधी ओसरलं, दुकान कधी उघडलं, कंपनीला कधी कळवलं, पंचनामा कधी झाला, हेही यायला हवं. भिंतीवरची गाळाची रेघ टेप लावून मोजा, टेपसकट फोटो काढा. रंग द्यायची घाई नको.

मग माल. ‘सर्व’ हा शब्द काढा. रेघ चार फुटांवर असेल तर वरच्या रॅकवरचा माल कोरडाच असणार, आणि सर्व्हेअर वर बघतोच. हिशेब असा मांडा: ३१ मार्चचा शिल्लक माल ९,२०,०००, त्यानंतरची खरेदी ३,१०,०००, विकलेला माल खरेदीभावानं ३,८०,०००, म्हणजे पुराच्या दिवशी दुकानात ८,५०,०००. विक्रीची रक्कम जशीच्या तशी वजा केली तर नफाही वजा होतो आणि शिल्लक कमी दिसते. भिजलेला माल ३,६०,०००, तो कमी भावात विकून येतील असे ४०,०००. उरलं नुकसान ३,२०,०००. प्रत्येक आकड्यापुढे बिल नंबर. बिलंच भिजली असतील तर व्यापाऱ्यांकडून प्रती मागवा, जीएसटी पोर्टलवरची GSTR-2B ही खरेदीबिलांची यादी काढून ठेवा.

विम्याची रक्कमही तपासा. ८,५०,००० च्या मालावर विमा ६,८०,००० चाच असेल, तर कंपनी त्याच प्रमाणात, म्हणजे ८० टक्के धरते: २,५६,०००, त्यातूनही पॉलिसीतली वजावट जाते. लहान व्यवसायांच्या काही पॉलिसींत थोडी तूट माफ असते, तेव्हा ती अट वाचूनच मागणीचा आकडा लिहा. अहवाल देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि तोच ईमेलनंही पाठवा. भिजलेला माल सर्व्हेअरनं लेखी सांगेपर्यंत हलवू नका. बुरशी चढायला लागली तर तसं कळवून, फोटो काढून, मगच वेगळा करा.