स्पीड रॅम्प फसतो तेव्हा: या चुका टाळा

समजा, एक मुलगी फळीवरून धावत येते आणि पाण्यात सूर मारते. धावणं झटपट उरकायचं आहे, सूर मात्र डोळे भरून दाखवायचा आहे. धावण्याला 400 टक्के वेग, सुराला 25 टक्के. एकाच शॉटमध्ये वेग असा बदलत नेणं म्हणजे स्पीड रॅम्प. तरीही निकाल बरेचदा फिका पडतो. बहुतेक वेळा कीफ्रेम, म्हणजे वेग बदलायची खूण, चुकीच्या जागी पडलेली असते.

प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये Time Remapping > Speed निवडून कीफ्रेम टाकली की तिचे दोन अर्ध ओढून वेगळे करता येतात. त्यांच्यामधला उतार म्हणजे रॅम्प. पाय फळीवरून सुटतात त्या फ्रेमवर कीफ्रेम टाकून दोन्ही अर्ध सारखे ओढले, तर तो क्षण उताराच्या मध्यावर येतो आणि तिथे वेग अजून 200 टक्क्यांच्या वर असतो. म्हणजे जे दाखवायचं तेच निसटतं. उजवा अर्ध त्या फ्रेमवरच ठेवा, डावाच मागे ओढा. उतार संपतो तिथेच पाय सुटायला हवेत.

संथ भाग अडखळत असेल तर आधी चित्रीकरणाचा फ्रेम रेट बघा. टाइमलाइन सेकंदाला 25 फ्रेमची आणि शॉट सेकंदाला 100 फ्रेमचा असेल, तर 25 टक्क्यांवर प्रत्येक खरी फ्रेम एकदाच दिसते. त्याखाली गेलात की फ्रेम दुहेरी होऊ लागतात. क्लिपचा फ्रेम रेट आधीच Interpret Footage मध्ये 25 वर आणलेला असेल, तर तुमचे 100 टक्के म्हणजेच स्लो मोशन. त्यावर पुन्हा 25 टक्के लावणं हा डबल मार झाला. Optical Flow मधल्या फ्रेम बनवून देतो खरा, पण उडणारं पाणी आणि एकमेकांआड जाणारे हातपाय यांच्याभोवती चित्र वितळल्यासारखं दिसतं. सुरासाठी तो मी टाळतोच.

वेगवान भागाचं दुखणं उलटं असतं, आणि तिकडे कुणी फारसं बघत नाही. 400 टक्क्यांवर या शॉटची दर सोळावी फ्रेमच दिसते. शटर 1/200 असेल तर प्रत्येक फ्रेम लख्ख, मधलं अंतर मात्र मोठं. म्हणून धावणं टकटक उड्या मारतं. तेवढ्या तुकड्यासाठी शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळणारं Frame Blending वापरून बघा. थोडी दुहेरी प्रतिमा दिसेल, पण इतक्या वेगात ती खपते.

पुढच्या शॉटवर जाताना पहिला शॉट वेग वाढत असतानाच तोडा, दुसरा वेगात सुरू करून मग मंदावू द्या. दोन्हीकडे कॅमेरा एकाच दिशेने सरकायला हवा. शिवाय 600 टक्क्यांवर टाइमलाइनच्या 12 फ्रेम जवळपास तीन सेकंदांचं फुटेज खातात. शूटच्या वेळीच शॉट थोडा लांब घ्या.

प्रीमिअरमध्ये वेगाचा हा बदल आवाजाला लागू होत नाही. पाण्याचा धबकन आवाज सुटा करून, हात पाण्याला टेकतात त्या फ्रेमवर हाताने बसवा.