आईच्या बिलातले १७७ रुपये

आईचा पोस्टपेड प्लॅन ३९९ रुपयांचा, १८ टक्के जीएसटी धरून ४७० रुपये ८२ पैसे. या वेळी बिल आलं ६४७ रुपये ८२ पैसे. जास्तीचा डेटा झाला असेल म्हणून आई मुकाट्याने भरायला निघाली होती. मी तपशीलवार बिल उघडलं, तर 'मूल्यवर्धित सेवा' या सदरात रोज ५ रुपये, तीस दिवस. दीडशे आणि त्यावर कर.

कुठलीतरी भविष्याची सेवा होती. आईने ती मागितलीच नव्हती.

आधी तिच्याच नंबरवरून 155223 ला `STOP` पाठवलं. चालू सेवा उत्तरात आली, तिथूनच ती बंद केली. मग ग्राहक सेवेला फोन करून एकच प्रश्न धरला: अशी सेवा सुरू करायला ग्राहकाची दोनदा संमती लागते, तर आईची दुसरी संमती कुठे आहे? ती त्यांना दाखवता आली नाही. तक्रार क्रमांक मात्र मी हट्टाने लिहून घेतला, कारण त्याच्याशिवाय कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येत नाही. तशी वेळ आली नाही. पुढच्या बिलात १७७ रुपये वजा होऊन आले.