उद्देश होता की नुसती जाणीव? फौजदारी कायद्यावर बहुपर्यायी प्रश्न कसा लिहावा

मेन्स रिया, म्हणजे गुन्ह्यामागची मनःस्थिती, यावर प्रश्न काढायचा म्हटला की बहुतेक जण कलम उघडतात, व्याख्या उचलतात आणि तिच्यातला एक शब्द बदलून चार पर्याय तयार करतात. असा प्रश्न पाठांतर तपासतो. उद्देश, जाणीव आणि हयगय यांतला फरक विद्यार्थ्याला कळला आहे का, हे त्यातून समजत नाही. हा फरक तपासायचा तर घटना लिहावी लागते, आणि घटना लिहिताना कष्ट पडतात ते चुकीच्या पर्यायांवर.

आधी कलमं नव्या क्रमांकांनी समोर ठेवा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे सदोष मनुष्यवध कलम 100 मध्ये, खून 101 मध्ये आणि हयगयीने मृत्यू 106 मध्ये. मग फरकाची एकच जोडी निवडा. एका प्रश्नात दोन फरक तपासू नका.

मी इथे घेतो ती जोडी कलम 101 च्या खंड (ब) आणि खंड (क) ची. दोन्हींत आरोपीला दुखापत करायची असते. खंड (ब) मध्ये त्याला या विशिष्ट माणसाबद्दल काहीतरी माहीत असतं, आणि त्यामुळे ही दुखापत त्याचा जीव घेण्याची शक्यता आहे हेही माहीत असतं. खंड (क) मध्ये आरोपीला काय माहीत होतं याला महत्त्व नाही. त्याला जी दुखापत करायची होती तीच निसर्गाच्या सामान्य क्रमात मृत्यू आणायला पुरेशी होती का, एवढंच बघायचं. सर्वोच्च न्यायालयाने 1958 साली विरसा सिंग खटल्यात हेच सांगितलं: ती दुखापत करण्याचा उद्देश होता का हे आरोपीच्या मनात शोधायचं, ती मृत्यूला पुरेशी होती का हे त्याच्या मनाबाहेर, वस्तुनिष्ठपणे ठरवायचं.

आता घटना.

‘ब’ ची प्लीहा आजाराने वाढलेली आहे. ‘अ’ ला हे डॉक्टरांनी ‘ब’ च्या समोरच सांगितलं होतं, आणि पोटावर एक ठोसा बसला तरी ‘ब’ चा जीव जाऊ शकतो हेही. ‘अ’ ला ‘ब’ चा मृत्यू नको आहे, त्याला फक्त अद्दल घडवायची आहे. कोणतंही भांडण झालेलं नसताना तो ‘ब’ च्या पोटावर मुठीने एक ठोसा मारतो. प्लीहा फुटून ‘ब’ मरतो. निरोगी माणसाला असा ठोसा जीवघेणा ठरला नसता.

उत्तर खून, खंड (ब). ‘मृत्यू नको आहे’ हे वाक्य मुद्दाम घातलं आहे, कारण त्याने खंड (अ) चं दार बंद होतं. ‘भांडण झालेलं नसताना’ हेही मुद्दाम. ते नसतं, तर कोणीतरी गंभीर आणि अचानक प्रक्षोभाचा किंवा अचानक झालेल्या मारामारीचा अपवाद लावून खुनाचा सदोष मनुष्यवध करून दाखवला असता, आणि तुम्हाला त्याला उत्तर देता आलं नसतं.

आता पर्याय. माझा नियम एकच आहे: प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे चुकणारा एक विद्यार्थी डोळ्यांसमोर असला पाहिजे, आणि तो नेमका कुठे चुकला हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता आलं नाही, तर तो पर्याय भरतीचा आहे, काढून टाका.

1. खून, कारण ‘ब’ ला ठोशाने मृत्यू येण्याची शक्यता ‘अ’ ला माहीत होती आणि दुखापत करण्याचा उद्देश होता.
2. खून, कारण उद्दिष्ट दुखापत निसर्गाच्या सामान्य क्रमात मृत्यूला पुरेशी होती.
3. खून नाही, फक्त सदोष मनुष्यवध, कारण मृत्यू घडवण्याचा उद्देश नव्हता, केवळ जाणीव होती.
4. इच्छापूर्वक दुखापत, कारण निरोगी माणूस अशा ठोशाने मेला नसता.

पर्याय 2 मधला विद्यार्थी गुन्हा बरोबर ओळखतो, पण शेवटचं वाक्य वाचत नाही. पर्याय 3 मधला विद्यार्थी ‘उद्देश म्हणजे खून, जाणीव म्हणजे सदोष मनुष्यवध’ असं सूत्र पाठ करून आला आहे. या सूत्राने सगळ्यांत जास्त मुलं बुडतात, म्हणून हा पर्याय मी कधीच सोडत नाही. पर्याय 4 मधला विद्यार्थी डॉक्टरांचं बोलणं विसरला. कारण पर्यायातच लिहा. नुसतं ‘खून’ आणि ‘सदोष मनुष्यवध’ एवढंच ठेवलं, तर चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर देणाराही गुण घेऊन जातो.

या प्रश्नाचं जुळं भावंडही लिहा. डॉक्टरांचं वाक्य काढा आणि ‘आजाराबद्दल अ ला काहीच माहीत नाही’ एवढं घाला. बाकी एक अक्षरही हलवू नका. आता उत्तर फक्त इच्छापूर्वक दुखापत, आणि इथे हयगयीने मृत्यू हा उत्तम चकवा ठरतो: ‘मारायचं नव्हतं तरी मेला, म्हणजे हयगय.’ पण ठोसा हयगयीने बसला नव्हता, मुद्दाम मारला होता.

याच जुळ्या प्रश्नावर मी एकदा तोंडावर पडलो आहे. तेव्हा घटनेत मुठीऐवजी लाथ होती, आणि वाक्य जिवंत वाटावं म्हणून मी ‘जोराने’ हा शब्द घातला होता. पर्यायांत ‘इच्छापूर्वक जबर दुखापत’ ही ठेवली होती, चुकीची म्हणून. एका विद्यार्थिनीने हरकत घेतली: पोटावर जोराने लाथ मारणाऱ्याला जबर दुखापत होण्याची शक्यता माहीत असणारच, मग माझं उत्तर चूक कसं? तिचं बरोबर होतं. जबर दुखापत इच्छापूर्वक ठरायला तसा उद्देश किंवा तशी संभाव्यतेची जाणीव लागते, आणि माझ्या एका क्रियाविशेषणाने ती जाणीव ‘अ’ च्या डोक्यात नेऊन ठेवली होती. प्रश्न रद्द झाला, सगळ्यांना गुण द्यावे लागले.

तेव्हापासून घटना लिहून झाली की मी प्रत्येक विशेषणावर आणि क्रियाविशेषणावर बोट ठेवतो. रागाने, जोराने, अचानक, धारदार, बेफिकीरपणे हे शब्द वर्णन वाटतात, पण प्रत्यक्षात ते पुरावा असतात. उत्तराला लागत नसतील तर जाऊ द्या. उलट टोकही टाळा: ‘ठार मारण्याच्या उद्देशाने’ असं घटनेतच लिहिलं, तर विद्यार्थ्याला ठरवायला काही उरत नाही. मनातली गोष्ट आरोपीला काय माहीत होतं आणि काय हवं होतं या भाषेत सांगा, कलमाच्या भाषेत नको.

पर्यायांची लांबी साधारण सारखी ठेवा. बरोबर पर्याय सगळ्यांत लांब होतो, ही जुनी खोड आहे.

मग पर्याय झाकून घटना एखाद्या वकील मित्राला द्या आणि ‘कोणता गुन्हा, का?’ एवढंच विचारा. त्याने ‘तसं बघायला गेलं तर’ अशी सुरुवात केली, तर घटनेत एक दार उघडं राहिलं आहे. कोणतं, ते तोच सांगेल.

परीक्षा झाल्यावर उत्तरं चाळा. ज्या पर्यायाकडे कोणीच फिरकलं नाही, तो पुढच्या वेळी बदला. आणि एकूण पेपरात सर्वाधिक गुण मिळवणारी मुलंच एखाद्या चुकीच्या पर्यायावर जमली असतील, तर त्यांना दोष देण्याआधी स्वतःची घटना पुन्हा वाचा. बहुतेक वेळा तिथे एखादं ‘जोराने’ सापडतं.