औद्योगिक क्रांतीचे प्रकरण एका पानात कसे आणावे

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत या प्रकरणाच्या ज्या टिपा पाहायला मिळतात, त्यांत बहुधा सनावळी आणि शोधकांची नावे एकाखाली एक उतरवलेली असतात. एका शोधातून दुसऱ्याची गरज का निर्माण झाली, एवढेच त्यांत नसते.

पहिल्या वाचनात वहीला हात लावू नये. पेन्सिल घेऊन केवळ अशा वाक्यांखाली रेघ ओढावी, ज्यांत काहीतरी अडले किंवा अडलेले सुटले असे सांगितले आहे. कापडाचा भाग घेऊ. 1733 मध्ये जॉन के याच्या धावत्या धोट्याने विणकाम वेगवान झाले आणि पुढे सूत कमी पडू लागले. ती उणीव भरून काढण्यासाठी 1764 च्या सुमारास हारग्रीव्हजची स्पिनिंग जेनी आली. पण तिचे सूत कच्चे असल्याने ते मुख्यतः बाण्यासाठीच चाले. ताण्याला लागणारे पक्के सूत 1769 मध्ये आर्कराइटच्या वॉटर फ्रेमने दिले, तर 1779 मध्ये क्रॉम्प्टनच्या म्यूलने पक्के आणि बारीक असे दोन्ही गुण एकत्र आणले. आता सूत भरपूर झाले आणि विणकर मागे पडले, म्हणून 1785 मध्ये कार्टराइटचा यंत्रमाग आला. (तो सुधारून सर्रास वापरात यायला मात्र आणखी काही दशके गेली.) छापील पानांवर पसरलेला हा मजकूर टिपेत ‘सूत कमी, मग सूत जास्त’ अशा दोन ओळींत मावतो.

मग ए-फोर कागदाच्या मधोमध 20 सेंटिमीटरची उभी रेघ आखून 1733 ते 1833 ही शंभर वर्षे, म्हणजे एका वर्षाला 2 मिलिमीटर, मोजून मांडावीत. अंदाजाने सारख्या अंतरावर ठिपके देण्याचा मोह टाळावा, कारण मोजून काढल्यावरच दिसते की जेनीपासून यंत्रमागापर्यंतचे सारे जेमतेम 4 सेंटिमीटरांत दाटले आहे. तिथे जागा अपुरी पडते, म्हणून डावीकडे कापड आणि उजवीकडे वाफ व कायदे लिहावेत.

उजव्या बाजूला एक चूक हमखास होते: ‘1769, वॉटने वाफेचे इंजिन शोधले.’ खाणीतले पाणी उपसणारे न्यूकोमेनचे इंजिन 1712 पासूनच होते; ते रेघेच्या वर बाण काढून दाखवावे. वॉटने 1769 च्या पेटंटात वाफ थंड करण्याचे भांडे वेगळे केले, त्यामुळे कोळसा वाचला. 1781 मध्ये त्याने इंजिनाला चाक फिरवायला लावले आणि मग गिरणीला नदीकाठच हवा, हे बंधन सैल झाले. म्हणून 1781 पासून डावीकडे बाण काढावा. रेघेच्या तळाशी 1833 चा कारखाना कायदा येतो, ज्याने बहुतेक कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी केली.

पान झाले की सन झाकून फक्त बाण पाहावेत आणि प्रत्येक बाणाचे कारण मोठ्याने सांगावे. जिथे कारण सुचत नाही, तिथे मूळ प्रकरणातला तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचून बाणाशेजारी चार शब्द लिहावेत. नवा सन वाढवू नये.