परदेशी फंडांचा आकडा निफ्टीच्या चार्टशेजारी कसा वाचावा

बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका ब्रोकरच्या ऑफिसात मी रिसर्चचं काम करते. दरवर्षी सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झालेली दोन-तीन मुलं आमच्याकडे शिकायला येतात. त्यांतली निम्मी मराठी, दांडिया बाजार नाहीतर कारेलीबागेतली. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या तोंडी एक वाक्य बसतं, "ताई, आज एफआयआयनी तीन हजार कोटींचं विकलं, उद्या मार्केट पडणार." एफआयआय म्हणजे परदेशी संस्थागत गुंतवणूकदार, म्हणजेच परदेशी फंड. घरी काका-मामाही रोज संध्याकाळी हेच बोलत असतात, त्यामुळे त्यांना ते सिद्ध झाल्यासारखं वाटतं. या आकड्याला किती वजन द्यायचं, हे मी त्यांना ज्या क्रमाने शिकवते त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

आधी आकडा कुठून येतो ते पाहा, कारण आकडे दोन आहेत आणि नवखी माणसं त्यांची सरमिसळ करतात. बाजार बंद झाल्यावर संध्याकाळी एनएसई परदेशी आणि देशी संस्थांची रोख बाजारातली खरेदी, विक्री आणि निव्वळ आकडा जाहीर करते. तो प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता असतो. दुसरा आकडा शेअर डिमॅटमध्ये सांभाळणाऱ्या एनएसडीएल या संस्थेचा. तो फंडांचे शेअर सांभाळणाऱ्या कस्टोडियन बँकांनी कळवलेल्या व्यवहारांवरून बनतो, एक दिवस उशिरा येतो आणि त्यात आयपीओसारख्या प्राथमिक बाजारातली खरेदीही धरलेली असते. ऑक्टोबर 2024 मध्ये या दोहोंतला फरक डोळ्यात भरण्याइतका मोठा होता. तात्पुरत्या आकड्यांची महिन्याची बेरीज सुमारे 1 लाख 14 हजार कोटींची विक्री दाखवत होती आणि एनएसडीएलवर तोच महिना सुमारे 94 हजार कोटींचा होता. मधले जवळपास 20 हजार कोटी परदेशी फंडांनी नव्या इश्यूंमध्ये घातले होते. ह्युंदाईचा 27,870 कोटींचा आयपीओ त्याच महिन्यातला. "परदेशी देश सोडून निघाले" असं म्हणणाऱ्याने हे 20 हजार कोटी पाहिलेले नसतात. चार्टखाली यातला कुठलाही एक आकडा लावा, पण अर्धा महिना एक आणि अर्धा महिना दुसरा असं करू नका.

आता खरा मुद्दा. विक्री जितकी मोठी तितकी घसरण मोठी, असं आपण धरून चालतो. 2025 चा जानेवारी आणि फेब्रुवारी शेजारी ठेवले की हा समज टिकत नाही.

जानेवारीत तात्पुरत्या आकड्यांप्रमाणे परदेशी फंडांनी सुमारे 87 हजार कोटींची निव्वळ विक्री केली. फेब्रुवारीत सुमारे 59 हजार कोटींची, म्हणजे जानेवारीच्या दोन तृतीयांश. निफ्टी डिसेंबरअखेर 23,644 वर होता. जानेवारीअखेर तो 23,508 वर बंद झाला, म्हणजे घसरण अर्ध्या टक्क्याच्या थोडी वर. फेब्रुवारीअखेर तो 22,124 वर आला, घसरण जवळपास सहा टक्के. विक्री कमी झाली आणि घसरण दहापट झाली.

इथे मुलं लगेच म्हणतात की जानेवारीत आपल्या म्युच्युअल फंडांनी सावरलं असेल, फेब्रुवारीत त्यांचे पैसे संपले असतील. मग मी देशी संस्थांचा रकाना उघडायला लावते. जानेवारीत त्यांची खरेदी सुमारे साडेशहाऐंशी हजार कोटींची, म्हणजे परदेशी विक्रीच्या जवळजवळ बरोबरीने. फेब्रुवारीत सुमारे 65 हजार कोटींची, म्हणजे परदेशी विक्रीपेक्षाही जास्त. तरीही निफ्टी पडला.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे. विकलेला प्रत्येक शेअर कोणीतरी घेतलेलाच असतो. एका गटाचा निव्वळ आकडा वजा असेल तर उरलेल्या सगळ्यांचा मिळून तेवढाच अधिक असणार. आकडा फक्त एवढंच सांगतो की शेअर कोणत्या गटाकडून कोणत्या गटाकडे गेले. ते किती भावाला गेले, हे घेणारा किती उतावीळ होता आणि विकणाऱ्याला किती घाई होती यावर ठरतं, आणि ती घाई निव्वळ आकड्यात नोंदली जात नाही. फेब्रुवारीत अमेरिकेच्या आयातशुल्काच्या बातम्या येत होत्या, तिमाही निकाल फिके होते, मिडकॅपचे भाव चढलेले होते. देशी फंड घेत होते, पण खालच्या भावाला घेत होते.

महिन्याची बेरीज आणखी काय लपवते तेही या दोन महिन्यांत दिसतं. 27 जानेवारीला निफ्टी 22,829 वर बंद झाला होता. पुढच्या चार दिवसांत, बजेटच्या तोंडावर, तो जवळपास 680 अंकांनी चढला. या चारही दिवशी परदेशी फंडांचा आकडा वजाच होता. फेब्रुवारीत उलट चित्र. महिन्याच्या साधारण 1,380 अंकांच्या घसरणीतले 420 अंक एकट्या 28 तारखेला गेले आणि त्याच दिवशी 11,600 कोटींहून जास्त परदेशी विक्री नोंदली गेली. पण ती तारीख एमएससीआय या जागतिक निर्देशांकातले बदल लागू होण्याची होती. निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडांना त्या दिवशी बंद भावाच्या आसपास देवघेव करावीच लागते, मग त्यांचं भारताबद्दल मत काही का असेना. त्यामुळे माझ्या फाईलमध्ये एमएससीआय आणि त्याच्यासारख्याच एफटीएसई निर्देशांकाच्या फेरबदलाच्या तारखा वेगळ्या रंगात असतात. मोठं ब्लॉक डील झालेला दिवसही तसाच रंगवते, कारण एका कंपनीतला एक सौदा पूर्ण दिवसाचा आकडा फिरवू शकतो.

"उद्या पडणार" या वाक्याची परीक्षा मात्र प्रत्येकाने स्वतः घ्यावी, माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नये. साधारण वर्षभराचे दिवस एक्सेलमध्ये घ्या. A रकान्यात तारीख, जुनी वर आणि नवी खाली, B मध्ये निफ्टीतला टक्केवारी बदल, C मध्ये परदेशी फंडांचा निव्वळ आकडा. बदल टक्क्यांतच घ्या, निफ्टीची पातळी घेऊ नका, नाहीतर उत्तर भलतंच येईल. मग तीन सूत्रं लिहा:

```
=CORREL(B2:B250,C2:C250)
=CORREL(B3:B250,C2:C249)
=CORREL(B2:B249,C3:C250)
```

उत्तर उणे एक ते अधिक एक यांच्या मध्ये येतं, आणि शून्य म्हणजे संबंध नाही. पहिलं सूत्र आजचा आकडा आणि आजचा निफ्टी यांचा संबंध मोजतं. दुसरं कालचा आकडा आणि आजचा निफ्टी यांचा. तिसरं कालचा निफ्टी आणि आजचा आकडा यांचा. आमच्याकडे मुलांनी केलेल्या फाईलींमध्ये पहिलं उत्तर स्पष्टपणे शून्याच्या वर येतं, दुसरं शून्याच्या आसपास घुटमळतं आणि तिसरं बहुतेक वेळा दुसऱ्यापेक्षा मोठं निघतं. म्हणजे परदेशी फंड आणि निफ्टी एकाच दिवशी एकाच बाजूला जातात हे खरं. पण संध्याकाळी आकडा हातात पडेपर्यंत भाव हलून झालेला असतो. आणि काल बाजार चढला म्हणून आज परदेशी खरेदी आली, असंही बऱ्यापैकी घडतं. शेपूट कोण आणि कुत्रा कोण, हे नुसत्या चार्टवरून सांगता येत नाही. अमेरिकेचे व्याजदर किंवा रुपया असं तिसरंच काहीतरी दोघांनाही ढकलत असू शकतं. तुमच्या काळातली उत्तरं थोडी वेगळी येतील. येऊ द्या, पण काढून पाहा.

मार्च 2025 मध्ये हेच चार्टवर उघड्या डोळ्यांनी दिसलं. 4 मार्चला निफ्टी 22,082 वर बंद झाला आणि तिथून वळला. 19 मार्चपर्यंत तो आठशेहून जास्त अंक वर आलेला होता आणि तोवर परदेशी आकडा बहुतेक दिवस वजाच होता. तीन हजार कोटींची ठसठशीत खरेदी 20 तारखेला आली, आणि 21 ला सात हजार कोटींच्या वरची. त्यातही 21 तारीख एफटीएसईच्या फेरबदलाची. "परदेशी परत येऊ देत, मग घेऊ" म्हणत थांबलेल्या माणसाला तळापासूनचा मोठा तुकडा मिळालाच नाही.

मग मी हा आकडा ठेवते कशाला? तीन कामांसाठी, आणि ती तिन्ही कामं उद्याच्या अंदाजाची नाहीत.

एक म्हणजे सलगपणा. रोजच्या उभ्या पट्ट्यांऐवजी मी वीस दिवसांची फिरती बेरीज चार्टखाली लावते. एका दिवसाचे दोन-तीन हजार कोटी हा बहुतेक वेळा गोंगाट असतो. एनएसईच्या रोख बाजारातली रोजची उलाढाल 2024 च्या अखेरीस लाख कोटींच्या आसपास होती, त्यात तीन हजार म्हणजे तीन टक्के. वीस दिवस बेरीज एकाच दिशेला वाढत राहिली तर मात्र कारण शोधायला बसते. जानेवारी 2025 मध्ये कारण सापडत होतं. डॉलर निर्देशांक 110 च्या घरात गेला होता, अमेरिकेच्या दहा वर्षांच्या रोख्याचं व्याज 4.8 टक्क्यांपर्यंत चढलं होतं आणि रुपया डॉलरमागे 86 च्या पलीकडे घसरला होता. परदेशी फंडाचा हिशोब डॉलरमध्ये असतो, म्हणून निफ्टी जागच्या जागी राहिला तरी रुपया पडला की त्याचा तोटाच होतो. कारण टिकून आहे की ओसरतं आहे, हे आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

दुसरं काम क्षेत्राचं. एनएसडीएल दर पंधरवड्याला परदेशी गुंतवणुकीची क्षेत्रनिहाय विभागणी देते, आणि नवख्यांपैकी फार थोडे ती उघडतात. निफ्टीत सर्वात जास्त वजन बँका आणि वित्तीय कंपन्यांचं, परदेशी फंडांची मोठी गुंतवणूकही तिथेच. त्यामुळे तिथली विक्री निर्देशांकाला जेवढी लागते तेवढी रसायनांतली लागत नाही. बडोद्यात बऱ्याच ग्राहकांकडे रसायन आणि इंजिनीअरिंगचे शेअर असतात. त्यांना एकूण आकड्याऐवजी त्यांच्या क्षेत्राची ओळ दाखवली की प्रश्न निम्मे होतात.

तिसरं, समोरचा घेणारा कोण हे पाहणं. जानेवारी 2025 मध्ये एसआयपीतून 26,400 कोटी आले. देशी फंडांची खरेदी बऱ्याच अंशी या मासिक पैशांवर चालते, म्हणून परदेशी विक्रीच्या महिन्यात मी एसआयपीचा आकडा शेजारी लिहून ठेवते. तो आटला, तर तेवढीच परदेशी विक्री बाजाराला जड जाऊ शकते.

फ्युचर्समधली स्थिती हा वेगळा विषय आहे. एवढंच लक्षात असू द्या की रोखीत विक्री करणारा फंड फ्युचर्समध्ये उलट बाजूला असू शकतो, आणि संध्याकाळच्या रोख आकड्यात ते दिसत नाही.

आमच्या सकाळच्या नोटमध्ये परदेशी आकड्याला एकच ओळ असते: कालचा निव्वळ आकडा, वीस दिवसांची बेरीज, आणि कालची तारीख रंगवलेली होती का. त्या ओळीत "त्यामुळे" हा शब्द लिहायला मी नव्या मुलांना मनाई केली आहे. लिहायचाच असेल तर खाली कारणाची दुसरी ओळ, तिच्या स्वतःच्या आकड्यासह, जोडावी लागते.